एकशे नऊ कुठून आले?

४७ ही संख्या घ्या. तिच्या अंकांची बेरीज ११. ती ४७ मध्ये मिळवली की ५८ येतात. ५८ च्या अंकांची बेरीज १३, ती मिळवली की ७१. असेच पुढे चालत राहिले की ७९, ९५, १०९ अशी साखळी तयार होते. देवळालीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी अशा साखळ्यांचा मनापासून अभ्यास केला. ६१७४ या संख्येमुळे त्यांचे नाव जगभर गेले, पण अंकांची बेरीज मिळवत जाण्याचा हा प्रकारही त्यांचाच. संगणकाचे प्राथमिक धडे गिरवणाऱ्यांना लूप समजावून सांगायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही, कारण यात पुढची संख्या अंदाजाने सांगता येत नाही. ती प्रत्येक वेळी काढावीच लागते.

ही साखळी १०० च्या आत असेपर्यंत छापायची आहे असे समजू. त्याचा सुडोकोड असा:

```
n ← 47
WHILE n < 100 DO
    OUTPUT n
    n ← n + DIGITSUM(n)
ENDWHILE
OUTPUT "End ", n
```

सुडोकोड म्हणजे कोणत्याही एका प्रोग्रॅमिंग भाषेच्या व्याकरणात न अडकता, माणसाला वाचता येतील अशा पायऱ्यांत लिहिलेला प्रोग्रॅम. बाण म्हणजे उजवीकडचे उत्तर काढून डावीकडच्या नावाच्या खात्यात ठेवणे. `DIGITSUM` म्हणजे अंकांची बेरीज काढून देणारे एक वेगळे काम. त्याच्या पोटात काय चालते ते पुढे पाहू. `OUTPUT` म्हणजे पडद्यावर छापणे. `WHILE` आणि `ENDWHILE` यांच्या मधल्या दोन ओळी पुन्हा पुन्हा चालतात, त्यांना लूपचे अंग म्हणू.

आता प्रश्न दोन. पडद्यावर काय काय छापले जाईल? आणि लूप नेमका कुठे थांबेल? केंब्रिज बोर्डाच्या संगणकशास्त्राच्या परीक्षेत असे प्रश्न येतात, आणि कॅम्पस भरतीच्या लेखी चाचणीतही चार पर्याय देऊन ते विचारतात. उत्तर शोधण्याची रीत एकच. कागद घ्यायचा, रकाने आखायचे आणि संगणक जे करील ते स्वतः एकेक ओळ करत जायचे. याला सगळे ‘ड्राय रन’ म्हणतात आणि त्या आखलेल्या कागदाला ‘ट्रेस टेबल’.

टेबल भरणे बहुतेकांना जमते. चूक होते ती शेवटच्या दोन रांगांत, आणि उत्तर तिथेच ठरते.

या प्रोग्रॅमचे टेबल मी असे आखतो:

| तपासणी | `n < 100` खरे का? | छापले | नवा `n` |
|---|---|---|---|
| सुरुवात | | | ४७ |
| पहिली | ४७, खरे | ४७ | ५८ |
| दुसरी | ५८, खरे | ५८ | ७१ |
| तिसरी | ७१, खरे | ७१ | ७९ |
| चौथी | ७९, खरे | ७९ | ९५ |
| पाचवी | ९५, खरे | ९५ | १०९ |
| सहावी | १०९, खोटे | | |
| लूपनंतर | | `End` १०९ | |

अटीसाठी स्वतंत्र रकाना हवाच, असा माझा आग्रह आहे. अनेक वह्यांमध्ये फक्त `n` आणि आउटपुट एवढेच दोन रकाने असतात. त्यात अट केव्हा विचारली गेली, याची नोंदच राहत नाही. मग लूप कुठे थांबला हे कागदावर दिसत नाही, ते डोक्यात ठरवले जाते. आणि डोके नेमके तिथे घाई करते.

सहावी तपासणी पाहा. या रांगेत अटीखेरीज काहीच नाही. छापलेले रिकामे, नवी किंमतही रिकामी. लूप थांबला तो या रांगेत. पाचव्या फेरीत `n` ची किंमत १०९ झाली तेव्हा तो थांबलेला नव्हता. १०९ झाल्यावर लूपच्या अंगात आणखी ओळी असत्या तर त्या सगळ्या चालल्या असत्या, कारण `WHILE` ची अट फक्त `WHILE` च्या ओळीवर विचारली जाते. मधल्या ओळी चालू असताना अटीकडे कोणी पाहत नाही. अट खोटी झाली आणि लूप थांबला, या दोन गोष्टींमध्ये अंतर असते. त्या अंतरात काय घडते, यावर सगळे आउटपुट अवलंबून असते.

हे अंतर उघड दिसावे म्हणून लूपच्या अंगातल्या दोन ओळींची फक्त अदलाबदल करू:

```
n ← 47
WHILE n < 100 DO
    n ← n + DIGITSUM(n)
    OUTPUT n
ENDWHILE
OUTPUT "End ", n
```

अट तीच, सुरुवात तीच, गणित तेच. फेऱ्याही पाचच होतात आणि तपासण्या सहाच. पण आता पहिल्या फेरीत छापण्याआधीच `n` ५८ झालेला असतो, त्यामुळे ४७ कधीच छापले जात नाही. पाचव्या फेरीत ९५ चे १०९ होतात आणि लगेच छापले जातात. पडद्यावर येते ५८, ७१, ७९, ९५, १०९ आणि शेवटी पुन्हा `End` १०९. ‘शंभरपेक्षा लहान’ अशी अट असलेल्या लूपने १०९ छापले! हे पाहून पुष्कळ जण गोंधळतात आणि ते १०९ खोडून टाकतात. अट मोडली म्हणजे ती संख्या छापली जाणारच नाही, अशी त्यांची समजूत असते. मात्र अट विचारली तेव्हा `n` ९५ होता, अट खरी होती, आत जायला परवानगी मिळाली होती. आत गेल्यावर दोन्ही ओळी पूर्ण चालणार.

दुसऱ्या बाजूची चूकही तितकीच दिसते. पहिल्या प्रोग्रॅमचे टेबल भरताना, ज्यात छापणे आधी आहे, काही जण १०९ लूपच्या आउटपुटमध्ये घालतात. ‘शेवटची किंमत १०९ आली ना, मग ती छापली गेलीच असेल.’ ती छापली गेली हे खरे, पण लूपच्या बाहेरच्या शेवटच्या ओळीने, `End` बरोबर.

म्हणून भरलेले टेबल तपासायला घेतले की मी संख्यांकडे नंतर पाहतो. आधी ‘खरे’ किती वेळा आले ते मोजतो. छापण्याची ओळ लूपच्या अंगात असेल आणि तिच्यावर वेगळा `IF` नसेल, तर ती प्रत्येक फेरीत एकदाच चालते. म्हणजे जितके ‘खरे’, तितक्याच छापलेल्या संख्या. इथे पाच. कोणी चार किंवा सहा लिहिल्या असतील तर एकही बेरीज न पडताळता चूक पकडली गेली. मग पहिली छापलेली संख्या पाहायची: ती सुरुवातीची किंमत आहे की एकदा बदललेली? ते दोन ओळींच्या क्रमावरून ठरते. पहिली संख्या सुरुवातीचीच असेल, तर लूपमध्ये शेवटी छापलेली संख्या अटीत बसणारी असलीच पाहिजे. पहिली संख्या बदललेली असेल, तर शेवटची संख्या अट मोडणारी असेल. या प्रोग्रॅममध्ये ही जोडी कधी फुटत नाही. ४७ ने सुरू होणारी आणि १०९ ने संपणारी सहा संख्यांची यादी दोन्हीपैकी कोणत्याच क्रमाने येऊ शकत नाही, तरीही बहुपर्यायी प्रश्नात ती हटकून दिलेली असते.

आता `DIGITSUM` च्या पोटात शिरू. दोन अंकी संख्येत हे काम चटकन संपते, म्हणून कापरेकरांचीच ६१७४ ही संख्या घेऊ. शेवटचा अंक काढायचा, बेरजेत टाकायचा, मग तो अंक संख्येतून उडवायचा, हे काही उरेपर्यंत करत राहायचे:

```
t ← 6174
S ← 0
WHILE t > 0 DO
    S ← S + t MOD 10
    t ← t DIV 10
    OUTPUT S
ENDWHILE
```

`MOD` म्हणजे भागाकारातली बाकी, `DIV` म्हणजे अपूर्णांक सोडून येणारा भागाकार. ६१७४ ला १० ने भागले की बाकी ४ आणि भागाकार ६१७. आधीच्या ओळीतला `MOD` बेरजेआधी केला जातो, हे ध्यानात ठेवायचे.

| तपासणी | `t > 0` खरे का? | `S` | `t` | छापले |
|---|---|---|---|---|
| सुरुवात | | ० | ६१७४ | |
| पहिली | ६१७४, खरे | ४ | ६१७ | ४ |
| दुसरी | ६१७, खरे | ११ | ६१ | ११ |
| तिसरी | ६१, खरे | १२ | ६ | १२ |
| चौथी | ६, खरे | १८ | ० | १८ |
| पाचवी | ०, खोटे | | | |

चौथ्या रांगेत पुन्हा तीच जागा येते. `t` शून्य झाला, अट मोडली, तरी त्याखालची छापण्याची ओळ चालते आणि १८ छापले जातात. `t` शून्य होताच हात थांबवणाऱ्याच्या टेबलात ४, ११, १२ एवढेच आउटपुट असते, आणि ज्या उत्तरासाठी हा सगळा खटाटोप होता तेच गळालेले असते.

पण या टेबलात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि ती मला फार आवडते. प्रत्येक रांगेत `S` मध्ये जमलेली बेरीज घ्या आणि `t` मध्ये अजून उरलेल्या अंकांची बेरीज तिच्यात मिळवा. सुरुवातीला ० आणि १८ (६, १, ७, ४). पहिल्या फेरीनंतर ४ आणि १४ (६, १, ७). मग ११ आणि ७. मग १२ आणि ६. शेवटी १८ आणि ०. दर वेळी १८ च. एका बाजूने जितके गेले तितकेच दुसऱ्या बाजूला जमा झाले. लूपच्या प्रत्येक फेरीत न बदलणाऱ्या अशा नात्याला संगणकशास्त्रात ‘इनव्हेरिअंट’ म्हणतात. रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९६७ साली आणि टोनी होअर यांनी १९६९ साली प्रोग्रॅम बरोबर असल्याचे सिद्ध करण्याची जी पद्धत मांडली, तिचा कणा हाच. टेबल तपासणाऱ्याला मात्र सिद्धतेपर्यंत जाण्याची गरज नाही. रांगेच्या कडेला पेन्सिलीने ही बेरीज मांडत जायची. ज्या रांगेत १८ येणार नाहीत, त्या रांगेत चूक आहे.

लूपमधल्या पहिल्या दोन ओळींची अदलाबदल झाली असेल तर? आधी `t` ६१७ होतो, मग त्याचा शेवटचा अंक ७ बेरजेत पडतो. पुढे ६१ चा १, मग ६ चा ६, मग ० चा ०. छापले जाते ७, ८, १४, १४. पहिल्याच फेरीनंतर `S` आहे ७ आणि उरलेल्या अंकांची बेरीज १४, एकूण २१. नाते पहिल्याच रांगेत तुटले. शेवटी एकच संख्या दोनदा छापली गेली हीसुद्धा खूणच आहे: शेवटच्या फेरीत लूपला मिळवायला काही उरलेच नव्हते, आणि सुरुवातीचा ४ कुठेतरी हरवला होता.

अट `t > 9` अशी लिहिली असेल तर वेगळेच घडते. तिसऱ्या फेरीनंतर `t` मध्ये ६ उरतात, ६ हे ९ पेक्षा मोठे नाहीत, चौथी तपासणी खोटी ठरते आणि लूप थांबतो. छापलेले असते ४, ११, १२. नाते तुटलेले नाही, कारण १२ आणि ६ मिळून १८ च होतात. फक्त काम अर्धवट राहिले, सहाचा अंक `t` मध्येच पडून आहे. म्हणजे नाते टिकले एवढ्यावर भागत नाही. लूप थांबला त्या क्षणी `t` शून्य होता का, हे वेगळे पाहावे लागते. रांगा बरोबर असणे आणि थांबण्याची जागा बरोबर असणे या दोन निराळ्या तपासण्या आहेत.

आणि अट `t >= 0` असेल तर? चौथ्या फेरीपर्यंत सगळे नेहमीसारखेच होते. पाचव्या तपासणीत `t` शून्य, पण शून्य हे शून्याइतके आहेच, म्हणून अट खरी. बेरजेत ० मिळवले, १८ च राहिले. शून्याला १० ने भागले, शून्यच राहिले. १८ छापले. सहाव्या तपासणीतही तेच. इथे विद्यार्थी विचारतात, ‘अजून किती रांगा लिहू?’ उत्तर सोपे आहे. पाचवी फेरी संपताना `S` आणि `t` यांच्या किमती चौथी फेरी संपताना होत्या त्याच आहेत. प्रोग्रॅममध्ये बाहेरून काही येत नसेल आणि सगळ्या व्हेरिएबलच्या किमती एकदा जशा होत्या तशाच्या तशा पुन्हा आल्या, तर पुढचे सगळे मागच्यासारखेच होणार. पुढची रांग लिहिण्याचे कारण नाही. हा लूप कधीच थांबत नाही, हे तिथे सिद्ध झाले. ‘सगळ्या’ हा शब्द मात्र महत्त्वाचा. एकट्या `t` ची किंमत पुन्हा आली म्हणून असा निष्कर्ष काढता येत नाही.

हा आतला लूप बाहेरच्या साखळीत बसवला की टेबल रुंद होते आणि चुकांना नवी जागा मिळते. सगळ्यात जास्त दिसणारी एक सांगतो. `S ← 0` ही ओळ बाहेरच्या लूपच्या आत हवी, प्रत्येक नव्या संख्येसाठी बेरीज शून्यापासून सुरू झाली पाहिजे. ती चुकून प्रोग्रॅमच्या अगदी माथ्यावर एकदाच लिहिली, तर पहिल्या फेरीत काही बिघडत नाही: ४७ छापले जातात, `S` ११ होतो, `n` ५८ होतो. दुसऱ्या फेरीत ५८ छापले जातात, तेही बरोबर. पण आता ५८ चे १३ जुन्या ११ मध्ये मिसळून `S` २४ होतो आणि `n` ७१ ऐवजी ८२. तिसऱ्या फेरीत ८२ चे १० मिळून `S` ३४, `n` ११६, आणि लूप थांबतो. पडद्यावर ४७, ५८, ८२ आणि `End` ११६. पहिल्या दोन संख्या अचूक आल्याने तपासणारा निर्धास्त होतो आणि चूक निसटते ती नेमकी इथे. `S` ला स्वतंत्र रकाना असता तर दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला तिथे ० नसून ११ आहेत, हे लगेच डोळ्यांत भरले असते.

कापरेकरांनी ६१७४ चा शोध मद्रासच्या गणित परिषदेत मांडला ते साल १९४९. त्याच वर्षी २४ जूनला केंब्रिजमध्ये ॲलन ट्युरिंग यांनी एक छोटा निबंध वाचला. मोठा प्रोग्रॅम बरोबर आहे हे तपासायचे कसे, हा त्याचा विषय. त्यांनी दाखला दिला तो लांबलचक बेरजेचा. नुसते एकूण उत्तर दिले तर तपासणाऱ्याला सगळी बेरीज पुन्हा करावी लागते. पण प्रत्येक स्तंभाची बेरीज आणि हातचे लिहून ठेवले असतील तर एकेक स्तंभ स्वतंत्रपणे तपासता येतो. ट्रेस टेबल तपासताना हाच फायदा मिळतो. चौथी रांग पाहायला पहिल्या दोन रांगा आठवाव्या लागत नाहीत. तिसऱ्या रांगेतल्या किमती घ्यायच्या, लूपचे अंग एकदा चालवायचे, चौथी रांग येते का पाहायचे. म्हणूनच खाडाखोड झालेले टेबल वरून खाली तपासावे: जिथे पहिल्यांदा रांग जुळत नाही तिथे खरी चूक आहे, खालच्या रांगा बहुतेक तिच्यामागून वाहत आलेल्या असतात.

त्याच निबंधात ट्युरिंग यांनी आणखी एक मागणी केली होती. प्रोग्रॅम थांबतो, हेही वेगळे दाखवले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक फेरीत घटत जाणारी एखादी राशी दाखवून द्यावी. आतल्या लूपमध्ये ती राशी म्हणजे स्वतः `t`: धन पूर्णांकाला १० ने भागून अपूर्णांक टाकला की तो नेहमी लहान होतो, आणि असे उतरत उतरत शून्याला पोहोचावेच लागते. बाहेरच्या साखळीत ती राशी म्हणजे १०० पर्यंतचे उरलेले अंतर. `n` किमान १ असेल तर त्याच्या अंकांची बेरीजही किमान १ असते, म्हणून प्रत्येक फेरीत अंतर किमान एकाने कमी होते आणि लूप थांबतोच.

या युक्तिवादातली ‘`n` किमान १ असेल तर’ ही अट वाचताना डोळ्यांआड होते. सुरुवात ० पासून केली तर? शून्याच्या अंकांची बेरीज शून्य. `n` शून्यच राहतो, अंतर शंभरच राहते, आणि पडद्यावर शून्ये छापली जात राहतात. उलट टोकाला, सुरुवात १२० पासून केली तर पहिलीच तपासणी खोटी ठरते. लूपचे अंग एकदाही चालत नाही आणि फक्त `End` १२० छापले जाते. अशा टेबलात सुरुवात, एक ‘खोटे’ आणि लूपनंतरची ओळ एवढेच असते, ते अपुरे नसते. अट शेवटी विचारणाऱ्या `REPEAT … UNTIL` मध्ये मात्र अंग निदान एकदा चालतेच, तिथे १२० हे लूपमध्येही एकदा छापले गेले असते.

आता अटीत एक चिन्ह बदलू. `n < 100` ऐवजी कोणीतरी `n <> 100` लिहिले, म्हणजे ‘`n` शंभर नाही तोवर चालू ठेव’. ४७ पासून निघाल्यावर ९५ नंतर १०९ येतात, शंभर ओलांडले जातात, आणि १०९ हे शंभर नाहीत म्हणून अट खरीच राहते. पुढे ११९, १३०, १३४... साखळी वाढतच जाते. इथे मघाची खूण उपयोगाची नाही, कारण कोणतीच रांग पुन्हा येत नाही. थांबणार नाही हे दाखवायला निराळे कारण लागते आणि तेही टेबलातच आहे: `n` फक्त वाढतो आणि तो शंभराच्या पुढे गेलेला आहे. प्रत्यक्ष संगणकात पूर्णांकाला कमाल मर्यादा असते, त्यामुळे कधीतरी काहीतरी बिघडेल. सुडोकोडमध्ये तशी मर्यादा मानत नाहीत.

मग या बदललेल्या अटीने हा लूप कोणत्या सुरुवातीपासून थांबतो? शंभरावर नेमके पोहोचायचे असेल तर आधीची संख्या दोन अंकी हवी. एक अंकी संख्या फार तर दुप्पट होऊन १८ पर्यंत जाते, आणि तीन अंकी संख्या १०० च्या खाली नसते. दशकाचा अंक a आणि एककाचा b मानला, तर संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज मिळून ११a + २b. हे १०० व्हायला हवे. २b सम आहे, १०० सम आहे, म्हणून ११a सम हवे, म्हणजे a सम. a आठ असेल तर b सहा येतो. a सहा असेल तर b सतरा यावा लागेल, तो अंकच नाही. त्याहून लहान a घेतला तर b आणखी मोठा. म्हणजे शंभराचा पूर्वज एकच, ८६.

आणि ८६ वर कुठून येता येते? तीच रीत. ११a + २b = ८६, a पुन्हा सम. a सहा असेल तर b दहा, चालत नाही. a आठ असेल तर ८८ आधीच जास्त. एक अंकी संख्येतून तर ८६ होणारच नाहीत. म्हणजे ८६ ला पूर्वज नाही. ज्यांना असा पूर्वज नसतो, त्यांना कापरेकरांनी स्वयंभू संख्या म्हटले आणि १९६३ साली देवळालीतून त्यांच्यावर पुस्तिका छापली. ८६ त्यांपैकी एक.

तेव्हा `n <> 100` अट असलेला हा लूप फक्त दोन सुरुवातींपासून थांबतो. १०० पासून, एकही फेरी न करता, दोन्ही क्रमांत नुसते `End` १०० छापून. आणि ८६ पासून, एकाच फेरीत. त्या एका फेरीत छापण्याची ओळ आधी असेल तर ८६ छापले जातात, नंतर असेल तर १००.